ड्राय सिरपची पातळी खुणेच्या खाली गेली, आता वरून पाणी घालू का?

अनघा_नाशिक | मंगळवार, दुपारी १२:४०

मुलगा दोन वर्षांचा, वजन ११ किलो. कान दुखतोय म्हणून काल डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलनेटचं ड्राय सिरप दिलंय, ५ मिली सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. पाच मिलीत २०० मिग्रॅ अमॉक्सिसिलिनवालं, ३० मिलीच्या दोन बाटल्या आणल्या. दुकानात गर्दी होती, काउंटरवरच्या पोराने "बाणापर्यंत पाणी घाला" एवढंच सांगितलं. पाण्याची छोटी प्लास्टिकची कुपी आली नाही, म्हणून पाणी उकळून गार केलं.

काल संध्याकाळी एका दमात बाणापर्यंत पाणी ओतलं, झाकण लावलं आणि हलवलं. भरपूर फेस आला. तेव्हाच पहिला डोस दिला. आज सकाळी दुसरा द्यायला बाटली काढली, तर औषध बाणाच्या बरंच खाली! एका डोसने एवढं कमी व्हायला नको. म्हणजे कालच पातळी कमी भरली असणार, साधारण अर्धं बोट.

तर आता वरून पाणी घालून बाणापर्यंत आणू का?

दुसरी गोष्ट. मुलीला गेल्या महिन्यात हेच औषध दिलं होतं, त्यातलं थोडं फ्रिजच्या दारात आहे. नवरा म्हणतो, कमी पडलं तर ते वापरू, बाटलीवर एक्स्पायरी पुढच्या वर्षीची आहे.

रानवारा | १:०५

घाला की पाणी. बाण कशाला दिलाय मग? आणि जुनं औषध एक्स्पायरीच्या आत असेल तर चालतं. आमच्याकडे अमॉक्सिसिलिनची बाटली कायम कपाटात असायची, फ्रिजबिज काही नाही. मुलं ठणठणीत आहेत.

चिंचगूळ | १:१२

ताई, दोन वर्षांच्या बाळाला अँटिबायोटिक कशाला? कानात लसणाचं कोमट तेल टाका. आमच्या आजी तेच करायच्या.

अनघा_नाशिक | १:२०

चिंचगूळ, औषध द्यायचं की नाही हा प्रश्नच नाहीये. ते डॉक्टरांनी कान तपासून ठरवलंय. मला बाटलीचं विचारायचंय. तेल तर मुळीच घालणार नाही, पडद्याला भोक असलं तर?

गोळीवाले_काका | १:५५

अनघाताई, मी सांगलीकडे एकतीस वर्षं औषधाच्या काउंटरवर होतो, आता निवृत्त आहे. आधी एक सांगतो, वरून पाणी घालू नका. पहिला थेंब बाहेर काढेपर्यंतच बाणाला अर्थ असतो. तुम्ही दोन डोस, म्हणजे १० मिली काढून घेतलंय. आता बाणापर्यंत भरलंत तर औषध जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने पातळ होईल.

पातळी खाली का गेली ते समजून घ्या, म्हणजे दुसरी बाटली बिघडणार नाही. बाटलीतली भुकटी तळाशी दाबून बसलेली असते आणि तिच्या कणाकणात हवा असते. तुम्ही वरून पाणी ओतलंत ते त्या थरावर उभं राहिलं, आत शिरलंच नाही. डोळ्याला मात्र पाणी बाणाला टेकलेलं दिसलं. हलवल्यावर हवा निघाली, भुकटी भिजली आणि पातळी बसली. वर फेस होता म्हणून ते काल कळलं नाही.

बरोबर रीत अशी. झाकण उघडण्याआधी बाटली उलटी करून तळहातावर टपटप आपटायची, भुकटी सुटी होऊन आत घरंगळताना दिसली पाहिजे. मग गार झालेलं पाणी बाणाच्या निम्म्यापर्यंतच घालायचं. झाकण लावून जोरात हलवायचं, उलटी-सुलटी करून, तळाच्या कोपऱ्यात कोरडा खडा राहत नाही तोवर. त्यानंतर बाटली ओट्यावर पाच-दहा मिनिटं ठेवून द्यायची. फेस बसला की मग बाणापर्यंत पाणी घालायचं, फेसाच्या कडेवरून मोजायचं नाही, खालच्या द्रवाच्या कडेवरून मोजायचं. पुन्हा एकदा हलवायचं. पाणी एकदम का नाही घालायचं, तर भरलेल्या बाटलीत औषधाला हलायला जागाच उरत नाही.

आणि पाणी खरंच गार हवं. कोमट पाण्यात लवकर विरघळतं म्हणून बरेच जण तसं करतात. तुमच्या औषधातला क्लॅव्युलनेट उष्णतेने पहिला मरतो.

रानवारा | २:०८

काका, ३० मिलीची बाटली आहे तर सरळ ३० मिली पाणी सिरिंजने मोजून घालावं ना. बाण बघायची भानगडच नको.

गोळीवाले_काका | २:१५

तीस मिली तयार औषध होतं, तीस मिली पाणी लागत नाही. भुकटीलाही जागा लागते. तीस मिली पाणी घातलंत तर पातळी बाणाच्या वर जाईल. ज्या कंपन्या पाण्याची कुपी देतात, त्या त्या बाटलीपुरतंच पाणी मोजून देतात. तरीसुद्धा शेवटचा शब्द खुणेचा. काचेतली रेघ आणि लेबलावरचा बाण जुळत नसतील तर बाटली उघडूच नका, दुकानात बदलून घ्या.

त्रिज्या | २:३०

मी इंजिनिअर आहे, औषधातलं कळत नाही, पण हे साधं गणित आहे. फेकायची गरज नाही असं माझं मत.

३० मिलीच्या बाटलीत ५ मिलीला २०० म्हणजे एकूण १२०० मिग्रॅ. अर्धं बोट म्हणजे समजा ४ मिली कमी, तर औषध २६ मिली झालं. म्हणजे ५ मिलीत २०० ऐवजी साधारण २३० मिग्रॅ. बाळाने दोन डोस घेतले, उरलं १६ मिली, त्यात ७४० च्या आसपास. ते पुन्हा ५ ला २०० करायचं तर एकूण साडेअठरा मिली हवं. म्हणजे अडीच मिली पाणी घाला, झालं.

गोळीवाले_काका | २:५०

त्रिज्या, गणित चोख आहे. पण "समजा ४ मिली" हा पाया कुणी मोजलाय? अर्धं बोट म्हणजे बाटली अरुंद असेल तर तीन मिली, रुंद असेल तर सहा. आणि तुमचं गणित धरून चाललंय की काल-आजचे दोन्ही डोस एकसारखे होते. ताईंनी एकदाच पाणी ओतून हलवलंय, तळाला गोळे राहिले असतील तर ते अजून तिथेच बसलेत. मग आधीचे डोस जाड की पातळ, तेच ठाऊक नाही.

अनघाताई, बाटली उजेडात तिरकी धरून तळ बघा आणि सांगा.

अनघा_नाशिक | ३:०५

बघितलं. तळाच्या एका कोपऱ्यात पांढरट चिकट थर आहे. हलवल्यावर थोडा सुटला, पण नखाएवढा खडा अजून आहे.

म्हणजे दोन डोसमध्ये जास्त गेलं की कमी??

गोळीवाले_काका | ३:२०

ते आता कुणीच सांगू शकणार नाही, आणि म्हणूनच ही बाटली बाजूला ठेवा. घाबरू नका. थोडं इकडे-तिकडे झालेल्या दोन डोसांनी बाळाला सहसा काही होत नाही, फार तर पोट थोडं ढिलं होईल. पण डॉक्टरांना फोन करून हे सगळं जसंच्या तसं सांगा. संध्याकाळचा डोस दुसऱ्या बाटलीतून द्यायचा का, हे त्यांना ठरवू द्या.

आता नवऱ्याचं म्हणणं. बाटलीवर छापलेली तारीख कोरड्या भुकटीची असते. पाणी पडलं त्या क्षणी ती तारीख संपली, दुसरं घड्याळ सुरू झालं. तुमच्या औषधाच्या लेबलावर बारीक अक्षरात "मिसळल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, ७ दिवसांत वापरा" असं असेल. महिन्यापूर्वीची बाटली काढून एकदा रंग बघा बरं.

अनघा_नाशिक | ३:३१

काढली. कालची बाटली सायीच्या रंगाची आहे, ही चक्क चहासारखी पिवळट. वासही वेगळा येतोय. नवऱ्याला फोटो पाठवला, "ओके" एवढंच उत्तर आलंय.

गोळीवाले_काका | ३:४०

हाच तो क्लॅव्युलनेट गेल्याचा रंग. पण उलटं धरू नका, रंग बदलला नाही म्हणून औषध चांगलं, असं नसतं. औषधाचा जोर आधी जातो, रंग मागून. म्हणून दिवस मोजायचे, डोळ्यांवर विसंबायचं नाही.

रानवारांचं निम्मं बरोबर आहे. नुसतं अमॉक्सिसिलिन पाण्यात थोडं तग धरतं, काही बाटल्यांवर ते खोलीत ठेवलं तरी चालेल असं लिहिलेलंही असतं. क्लॅव्युलनेट मात्र पाण्यात गेलं की विरत जातं आणि गरमीत फार भराभर. ज्या जंतूंसाठी डॉक्टरांनी ही जोडी लिहिली, त्यांच्यावर मग निम्मंच औषध जातं. सगळ्या अँटिबायोटिकला एकच नियम लावू नका.

प्राजक्ता_एस | ४:१०

माझी गंमत ऐका. लेकीला अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं होतं. आधीच्या बाटलीची सवय, मी तयार पातळ औषधात उकळलेलं पाणी भरलं, पार गळ्यापर्यंत! नंतर सासूबाई म्हणाल्या, "अगं ही आधीच पातळ होती की." तेव्हा कळलं.

गोळीवाले_काका | ४:१८

असं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. अ‍ॅझिथ्रोमायसिन बऱ्याचदा तयारच येतं. सील तोडण्याआधी बाटली हलवून कान द्यायचा. आत भुकटी असेल तर खुळखुळल्यासारखं होतं, द्रव असेल तर डुचमळतं.

आणि आणखी एक, क्लॅरिथ्रोमायसिनची मिसळलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते, घट्ट होते आणि जास्तच कडू लागते. म्हणून बाटलीवरचं वाचल्याशिवाय "अँटिबायोटिक म्हणजे फ्रिज" असं डोक्यात धरू नका.

लेस्टरकर | ४:४५

इथे ब्रिटनमध्ये केमिस्टच भुकटीत पाणी घालून, हलवून देतो, आणि लेबलावर कधी टाकून द्यायचं ती तारीखही लिहितो. भारतात सुट्टीवर आले होते तेव्हा कोरडी बाटली हातात मिळाली, तर मी दुकानदाराला "पाणी कोण घालणार?" असं विचारलं. त्याने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं :)

गोळीवाले_काका | ४:५२

आम्ही काउंटरवर मागितलं तर घालून द्यायचो. पण घर लांब असेल, उन्हात दोन तास एसटीत जायचं असेल, तर कोरडीच दिलेली बरी. मला विचाराल तर गावातल्या गावात दुकानातच मिसळून घ्या, लांब जायचं असेल तर घरी जाऊन.

डोंगरवाडी_मास्तर | ५:२०

आमच्या वाडीवर फ्रिज दोन घरात, लाइट दिवसाला सात-आठ तास गायब. पाऊस सुरू झाला की तीन-तीन दिवस. आमच्याकडच्या पोरांनी काय करायचं? आम्ही माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात बाटली ठेवतो. चालतं का?

गोळीवाले_काका | ५:३६

मास्तर, उन्हातल्या फळीपेक्षा माठ बरा, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकतो. सात दिवस टिकेल याची ग्वाही मी देणार नाही. पावसाळ्यात ओल्या फडक्याचा गारवाही कमी असतो.

तुमच्यासाठी वेगळी सोय आहे. डॉक्टरांना सांगा, घरी फ्रिज नाही, पाण्यात विरघळणारी गोळी चालेल का. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलनेटचीही अशी लहान मुलांची गोळी मिळते. प्रत्येक डोसला चमचाभर पाण्यात नवी गोळी विरघळवायची, शिल्लक काही राहतच नाही. अख्खी गोळी नेमक्या डोसाला बसते का, ते डॉक्टर वजन बघून ठरवतील. गोळी मात्र तिच्या पट्टीतच ठेवा, ओल आली की तिलाही धक्का बसतो.

रानवारा | ५:४५

तुम्ही सगळं डॉक्टरांवरच ढकलता काका. गावात डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो.

गोळीवाले_काका | ५:५०

खरंय. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

अनघा_नाशिक | ७:३०

डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, पहिली बाटली बंद करा, दुसरी आत्ता मिसळा आणि त्यातूनच पुढे चला, तिसरी आणून ठेवा पण उघडू नका. दोन डोसांची काळजी करू नका म्हणाले.

काकांच्या पद्धतीने दुसरी केली. टपटप आपटली, निम्मं पाणी, हलवली, ओट्यावर ठेवली. फेस बसायला आठ मिनिटं लागली. मग बघितलं तर बाणाच्या चांगलं एक पेर खाली! वरून पाणी घातलं, बाणावर आणली. सकाळपर्यंत जागेवर आहे का, ते सांगते.

मार्करने झाकणावर लिहिलं, "मंगळ संध्या. ६:४५". सात दिवस कुठपासून मोजू?

गोळीवाले_काका | ७:४२

वेळ लिहिलीत ते उत्तम. मी पुढच्या मंगळवारी संध्याकाळी ६:४५ धरतो. तुम्हाला तेवढी लागणारच नाही. तीस मिलीत सहा डोस, म्हणजे शुक्रवार सकाळपर्यंत.

फ्रिजमध्ये मधल्या फळीवर मागे ठेवा. दारात नको, तिथे दिवसभर उघडझाक असते. बर्फाच्या कप्प्यात तर नकोच. आणि प्रत्येक डोसाआधी चांगली दहा-पंधरा सेकंद हलवा. एकदा हलवलं म्हणजे झालं असं नसतं. हे साखरेच्या पाकासारखं पूर्ण विरघळत नाही, भुकटी पाण्यात तरंगत असते आणि फ्रिजमध्ये उभ्याउभ्या पुन्हा खाली बसते. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस पाणचट आणि शेवटचे जाड. आजी "बरं वाटत नाही अजून" म्हणते आणि चौथ्या दिवशी पोट बिघडतं, ते बऱ्याचदा यामुळेच.

हलवून झाल्यावर फेस थोडा बसू द्या आणि मगच सिरिंज भरा. सिरिंजमध्ये बुडबुडा गेला तर तेवढं औषध कमी जातं. घरातला चमचा वापरू नका, कुणाचा तीन मिली, कुणाचा सात.

प्राजक्ता_एस | ८:०५

आमच्याकडे पूर्ण बाटलीभर दूध-साखर घालून "गोड" करण्याचं खूळ होतं :( आता नाही करत.

त्रिज्या | ८:१५

काका, चूक कबूल. पाया अंदाजाचा होता. पण बाण चुकलाय हे पहिल्या डोसाआधीच लक्षात आलं असतं तर?

गोळीवाले_काका | ८:२२

तर काहीच प्रश्न नव्हता. फेस बसल्यावर पातळी खाली दिसली, एकही थेंब काढलेला नाही, तर खुशाल बाणापर्यंत पाणी घाला आणि हलवा. पाणी बाणाच्या वर गेलं तर मात्र उपाय नाही. काढून टाकायला गेलात तर औषधही जातं.

कोळिक्कोडमधला_मराठी | ९:१०

उरलेलं औषध टाकायचं कसं, ते कुणी बोललंच नाही. मी बँकेच्या बदलीमुळे केरळात आहे. इथे २०२५ मध्ये राज्याच्या औषध नियंत्रण खात्याने न वापरलेली औषधं गोळा करायची योजना सुरू केली, सुरुवात आमच्या कोळिक्कोडमधूनच. महाराष्ट्रात असं काही आहे का?

गोळीवाले_काका | ९:२८

माझ्या माहितीतल्या गावांत तरी दुकानदार हात वर करतात. बेसिनमध्ये किंवा संडासात मात्र ओतू नका. तिथून ते गटारात जातं, मग नदीत, आणि तिथल्या जंतूंना त्याची सवय होते. केंद्राच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये काही मोजकी औषधं संडासात टाकावीत म्हणून यादी दिली, पण ती मुख्यतः गुंगीच्या आणि तीव्र वेदनाशामक औषधांची. अँटिबायोटिक त्यात नाहीत.

मी घरी काय करतो, तर वापरलेला चहाचा चोथा किंवा माती डब्यात घेतो, त्यात औषध ओततो, पिशवीत बांधून कचऱ्यात देतो. बाटली धुतच नाही, कारण ते धुवण पुन्हा नाल्यातच जातं. लेबल फाडतो. हे परिपूर्ण नाही, पण कुणी ते बाटलीतून काढून पिणार तरी नाही.

रानवारा | ९:४०

चोथ्यातून कचरा डेपोत, आणि तिथून पावसात पुन्हा नदीतच ना?

गोळीवाले_काका | ९:४४

हो, काही प्रमाणात जातंच.

अनघा_नाशिक | शनिवार, सकाळी १०:१५

सांगायचं राहिलं होतं. बुधवारी सकाळी बाटलीतून पाच मिली कमी झाल्यावर जेवढी पातळी दिसायला हवी तेवढीच दिसली, म्हणजे यावेळी बसली. शुक्रवारी सकाळी सहावा डोस भरायला गेले तर सिरिंजमध्ये सव्वाचार आले, बाकी काचेला चिकटलेलं. तिसरी बाटली तेव्हाच मिसळून राहिलेलं पाऊण त्यातून भरलं. आज सकाळी दहावा डोस झाला. कान आता दुखत नाही म्हणतो, रडणं थांबलंय. डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला सांगितलंय, ते सोमवारी.

तिसऱ्या बाटलीत जवळजवळ वीस मिली उरलंय. नवऱ्याने विचारलं, "पुढच्या वेळी..." मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. चहाचा चोथा बाजूला काढून ठेवलाय, ही उरलेली, महिन्याभरापूर्वीची ती चहाच्या रंगाची आणि पहिली खड्यावाली, अशा तिन्ही आत्ताच टाकते.

डोंगरवाडी_मास्तर | १०:४०

ताई, गोळीबद्दल तालुक्याला विचारलं. त्यांच्याकडे नव्हती, मागवतो म्हणाले. आली की इथे लिहितो.